बोअरच्या पंपाचा प्रेशर स्विच 30/50 वरून 40/60 वर नेताना

पेनसिल्वेनियात गावाबाहेर घर घेतलं की पाणी नगरपालिकेचं नसतं, आपल्याच आवारातल्या बोअरचं असतं. आमच्या घराच्या इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये मार्च 2024 ला त्याबद्दल एवढंच लिहिलं होतं: प्रेशर स्विच चालू, टाकीतली हवा तपासलेली नाही, वरच्या मजल्यावर दाब कमी-जास्त होतो. मग दाब का कमी-जास्त होतो आणि तो वाढवायचा तर नेमका कुठला नट किती फिरवायचा, हे रिपोर्टमध्ये कुणी लिहीत नाही. मार्च ते मे या काळात हे काम केलं ते क्रमाने मांडतो. शेवटी नट फिरवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. त्याआधी तीन गोष्टींची खात्री करायला वेळ जातो: गेज खरं बोलतंय का, टाकीत हवा किती आहे, आणि पंपाला जास्तीचा दाब झेपेल का.

भारतातल्या घरात गच्चीवर टाकी असते आणि दाब तिच्या उंचीवर ठरतो. दाब पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला किती पौंड असा मोजतात. दहा फूट उंचीला साधारण 4.3 पीएसआय, बास. इथे गच्चीवर टाकी नाही. बेसमेंटमध्ये पोलादी बंद टाकी असते, तिच्या आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला दाबलेली हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. बोअरमधला पंप पाणी ढकलतो, हवा आकसते, दाब चढतो. नळ उघडला की तीच हवा पाणी बाहेर लोटते आणि दाब उतरतो. टाकीच्या पायथ्याशी पितळी टी-जोड असतो, त्यावर दाबाचं गेज आणि बोटभर नळीवर बसवलेला डबीएवढा स्विच. दाब एका आकड्यापर्यंत उतरला की स्विच पंप चालू करतो, त्याला कट-इन म्हणतात. वरच्या आकड्याला पोचला की बंद करतो, तो कट-आउट. 30/50 म्हणजे 30 ला चालू, 50 ला बंद.

आमची वरची न्हाणी टाकीच्या गेजपासून सुमारे वीस फूट उंच आहे. वीस फुटांचे 8.7 पीएसआय आधीच वजा होतात. म्हणजे खाली काटा 30 वर असताना वर शॉवरला जेमतेम 21 पोचतात आणि 50 वर असताना 41. अंघोळ चालू असताना पाणी दमदार येतं, मग मरगळतं, मग पुन्हा दमदार होतं, त्याचं कारण हे. यात बिघाड काही नाही, 30/50 ची मांडणीच अशी आहे. ती 40/60 केली की वर 31 ते 51 मिळतात. फरक सारखाच वीसचा राहतो, पण तळ वर सरकतो आणि अंघोळीला तो तळच जाणवतो.

पहिलं काम गेजचं. बेसमेंटमधलं गेज दमट हवेत वर्षानुवर्षं लटकलेलं असतं आणि त्याच्या पाठीमागची पाव इंची नळी लोहाच्या गाळाने बुजते. बुजलेल्या नळीवरचा काटा दाब बदलला तरी सावकाश, अडखळत फिरतो किंवा एका जागी चिकटून बसतो. काचेवर टिचकी मारली आणि काटा दोन-तीन घरं उडी मारून सरकला, तर ते गेज मोजमापाला वापरू नये. मी हार्डवेअरच्या दुकानातून बागेच्या नळाला लागणारं 0 ते 100 पीएसआयचं गेज आणलं, 12 डॉलरला. ते बेसमेंटच्या भिंतीबाहेरच्या होज-बिबला हाताने आवळून बसतं, पाना लागत नाही. एकच काळजी: दोन्ही गेजांच्या उंचीत फरक असेल तर दर 2.3 फुटांना एक पीएसआय हिशेबात धरायचा.

घरातले सगळे नळ बंद करून, पंप थांबलेला असताना दोन्ही गेज वाचली. जुनं 54 दाखवत होतं, नवं 50. मग बेसमेंटमधला धुण्याच्या सिंकचा नळ अगदी बारीक धारेवर सोडून टाकीजवळ बसलो. धार बारीक ठेवायला कारण आहे. नळ पूर्ण सोडला की काटा इतक्या वेगाने खाली येतो की स्विचची टिकटिक ऐकू येईपर्यंत तो दोन-तीन पीएसआय पुढे गेलेला असतो आणि आपण कट-इन चुकीचा टिपतो. बारीक धारेवर काटा रांगत उतरतो. टिक असा आवाज झाला त्या क्षणी जुन्यावर 34, नव्यावर 30. म्हणजे जुनं गेज सर्वत्र चार जास्त सांगत होतं. नंतर टाकी पूर्ण रिकामी केली तेव्हाही त्याचा काटा शून्याऐवजी चारवरच थांबला. असं सरसकट चार जास्त असणारं गेज निदान समजून तरी घेता येतं. पण शून्याला बरोबर आणि पन्नासला चूक असेल तर ते फेकून द्यावं. मी तसंही बदललं, ग्लिसरीन भरलेलं नवं 15 डॉलरला मिळालं. पंप सुरू होताना काटा थरथरतो ती थरथर ग्लिसरीनमुळे निवते आणि आकडा वाचता येतो.

दुसरं काम टाकीतल्या हवेचं, आणि ते स्विचला हात न लावता, दोन बादल्यांनी करता येतं. पंप कट-आउटला थांबला की पुन्हा चालू होईपर्यंत टाकीने किती पाणी दिलं ते मोजायचं. इथे पाच गॅलनच्या प्लॅस्टिकच्या बादल्या सगळीकडे मिळतात. आमची टाकी 44 गॅलनची, तसं तिच्या पट्टीवर छापलेलं आहे. हवा बरोबर असेल, म्हणजे रिकाम्या टाकीत कट-इनपेक्षा दोन पीएसआय कमी, तर 30/50 वर या टाकीने साधारण 13 गॅलन द्यायला हवेत. मिळाले आठच. मग पंप चालू झाला आणि नळ बंद ठेवून तो पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ मोजला: सुमारे 50 सेकंद. आठ गॅलन पन्नास सेकंदांत, म्हणजे पंप मिनिटाला जवळजवळ दहा गॅलन देतोय. हा आकडा पुढे कामाला आला, कारण स्विच कधीच दर मिनिटाला गॅलन सांगत नाही.

13 च्या जागी 8 का, ते हिशेबातून दिसतं. हवेचा दाब आणि आकारमान यांचं गणित शाळेतलंच आहे, फक्त गेजच्या आकड्यात वातावरणाचे 14.7 मिळवायचे. कट-आउटपासून कट-इनपर्यंत टाकी किती पाणी देते त्याचं सूत्र असं लिहिता येतं:

```
V × (P + 14.7) × (1/(Pin + 14.7) − 1/(Pout + 14.7))
```

V म्हणजे टाकीचं एकूण माप, P म्हणजे रिकाम्या टाकीतली हवा, आणि Pin, Pout म्हणजे कट-इन आणि कट-आउट. P ला 28 घातले तर उत्तर 13 च्या आसपास येतं. 8 यायला P 12 च्या जवळ असावा लागतो. म्हणजे हवा वर्षांच्या ओघात झिरपून रिकाम्या टाकीचा गेजवरचा दाब निम्म्याहूनही खाली आला होता आणि पंप गरजेपेक्षा जवळजवळ दीडपट वेळा चालू-बंद होत होता. पंपाची मोटर चालू होताना सगळ्यात जास्त करंट ओढते, आणि या मोटरला दर वेळी निदान मिनिटभर तरी सलग चालू द्यावं असा सर्वसाधारण संकेत आहे. पन्नास सेकंद म्हणजे तो आधीच मोडला होता. अशा टाकीवर नुसता स्विच 40/60 केला असता तर हेच सूत्र 5.7 गॅलन सांगतं. दाब वाढला असता आणि पंपाचं आयुष्य घटलं असतं. म्हणून कुणी फोनवर ‘मोठा नट साडेतीन फेरे आवळ, झालं’ असं सांगितलं तर ते अर्धंच खरं असतं.

तिसरं काम कागदांचं. पेनसिल्वेनियात बोअर खणणाऱ्याला परवाना लागतो आणि खणून झाल्यावर राज्याच्या भूगर्भ खात्याकडे बोअरचा अहवाल द्यावा लागतो. ते अहवाल `PaGWIS` नावाच्या संकेतस्थळावर काउंटी आणि टाउनशिप निवडून शोधता येतात. जुन्या नोंदीत घराचा आजचा पत्ता नसतो, खणताना जो मालक होता त्याचं नाव असतं. त्यामुळे घराच्या खरेदीखतात मागच्या मालकांची साखळी असते ती जवळ ठेवून बसावं. आमची नोंद सापडली: खोली 260 फूट, स्थिर पाण्याची पातळी 60 फूट, आवक मिनिटाला 12 गॅलन. सोबतच टाउनशिपच्या ऑफिसला इमेल करून विचारलं की स्विचची सेटिंग बदलायला परमिट लागतं का. आठवडाभराने उत्तर आलं की सेटिंगला आणि जुन्याच्या जागी तसाच नवा स्विच बसवायला लागत नाही, नवीन वायर ओढायची किंवा पंप बदलायचा असेल तर आधी अर्ज करा. हे आमच्या टाउनशिपचं उत्तर. इथे शेजारच्या टाउनशिपचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा विचारून लेखी उत्तर ठेवून घ्यावं, घर विकताना उपयोगी पडतं.

पंपाला झेपेल का हे पाहताना पंप किती खोल सोडलाय यापेक्षा पाणी किती खोल आहे ते महत्त्वाचं. पंप पाण्यात बुडालेला असतो, त्याला उचलायचं ते पाण्याच्या पृष्ठभागापासून वर. पण पंप चालू असताना ती पातळी खाली जाते, म्हणून स्थिर पातळी धरून चालत नाही. मी 60 ऐवजी 140 फूट धरले, सावधगिरीने. त्यात 60 पीएसआयचे फूट मिळवायचे: एक पीएसआय म्हणजे 2.31 फूट, म्हणजे 139 फूट. एकूण 279, आणि पाइपमधल्या घर्षणाचे थोडे. बेसमेंटमधल्या कंट्रोल बॉक्सवर आधीच्या तंत्रज्ञाने पंपाचा क्रमांक मार्करने लिहून ठेवला होता, पाऊण हॉर्सपॉवर, दहा गॅलनचा. त्या क्रमांकाचा तक्ता उत्पादकाच्या साइटवर मिळतो. तक्त्यात 40, 50, 60 पीएसआयच्या ओळी आणि पाण्याच्या खोलीचे रकाने असतात, आणि जिथे चौकट कोरी असते तिथे पंप पोचत नाही. 60 च्या ओळीत 140 फुटांखाली आमच्या पंपाला आकडा होता. चौकट कोरी असती तर मी 40/60 चा विचार तिथेच सोडला असता. कारण न झेपणाऱ्या कट-आउटचा परिणाम फार वाईट असतो: काटा 57-58 ला जाऊन थांबतो, स्विच पंप बंद करत नाही आणि मोटर न हलणाऱ्या पाण्यात तासन्‌तास तापत राहते. बाहेरून आवाजही येत नाही, विजेचं बिल आलं की कळतं.

शनिवारी, 13 एप्रिलला प्रत्यक्ष कामाला घेतलं. सामान असं: 3/8 इंची नटड्रायव्हर, मल्टीमीटर, गाडीच्या टायरचं हवेचं गेज, बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर, बागेचा पाइप, मार्कर. नवा स्विच 32 डॉलरला आणून ठेवला होता, जुन्याचे कॉन्टॅक्ट जळलेले निघाले तर म्हणून. शनिवारी दुपारनंतर दुकान आणि तंत्रज्ञ दोन्ही मिळणं अवघड, म्हणून सकाळीच सुरुवात केलेली बरी. घरच्यांसाठी दोन बादल्या आणि पिण्याचं पाणी भरून ठेवलं.

इथला पंप 230 व्होल्टवर चालतो, म्हणजे दोन्ही वायरी जिवंत असतात, एकही न्यूट्रल नाही. ब्रेकर दोन दांड्यांचा असतो, तो पाडला आणि त्यावर टेप लावली, कुणी सहज वर करू नये म्हणून. स्विचचं झाकण वरच्या एका नटवर असतं. झाकण निघालं की चारही टर्मिनल उघडी पडतात आणि ज्या दोन नटांना हात लावायचाय ते त्यांच्यापासून इंचभर लांब असतात. मीटरने तीन मोजमापं घ्यावीत: दोन लाइन टर्मिनलच्या मध्ये, आणि त्यातल्या प्रत्येकापासून जमिनीच्या हिरव्या वायरपर्यंत. तिन्ही शून्य आली तरच पुढे. तारेला न टेकता हवेतून वीज ओळखणारं पेनसारखं टेस्टर असतं त्यावर मी भिस्त ठेवत नाही, त्याची बॅटरी संपलेली असेल तरी ते गप्पच राहतं. जमीन ओली, आजूबाजूला पाणी, हातात लोखंडी हत्यार, भीती वाटावी अशीच जागा आहे ती. ती भीती राहू द्यावी.

कॉन्टॅक्ट पाहिले. चार रुपेरी टिकल्या, कडेला काळसर डाग, पण खड्डे नाहीत. दोन टिकल्यांच्या मध्ये चिरडलेल्या मुंग्या होत्या. इथे हे इतकं नेहमीचं आहे की पंप अचानक चालू होईनासा झाला तर बरेच तंत्रज्ञ आधी मुंग्याच बघतात. जाड कागदाची पट्टी मध्ये घालून ओढली की कचरा निघतो. कानस किंवा सँडपेपर घासू नये, टिकलीवरचा चांदीचा थर जातो आणि पुढच्या वेळी ती चिकटते. चिकटलेला कॉन्टॅक्ट म्हणजे न थांबणारा पंप.

मग टाकीनंतरचा घराकडे जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, टी-जोडाच्या ड्रेनला पाइप लावला आणि टाकी रिकामी केली. व्हॉल्व्ह बंद केल्यामुळे गरम पाण्याची टाकी भरलेलीच राहते. तो व्हॉल्व्ह नसेल तर विजेवरचा हीटर आधी बंद करावा, नाहीतर कोरड्या पडलेल्या कॉइल जळतात. पाणी पडायचं थांबलं तरी ड्रेन उघडाच ठेवायचा, कारण हवा मोजताना पाण्याच्या बाजूला दाब उरला तर आकडा खोटा येतो. लोक नेमकं हेच चुकवतात: पाणी भरलेल्या टाकीला टायर-गेज लावतात, ते 48 वगैरे दाखवतं आणि हवा भरपूर आहे असं वाटतं. ते 48 हवेचं मोजमाप नसून त्या क्षणी पाण्याचा दाब असतो.

टाकीच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या टोपणाखाली गाडीच्या टायरला असतो तोच व्हॉल्व्ह असतो. आधी त्याची पिन टोकाने क्षणभर दाबली: कोरडी हवा आली, पाणी नाही. पाण्याचा थेंब आला असता तर पडदा फाटलाय आणि टाकी बदलायची, इथे हवा भरण्यात अर्थ नाही. टायर-गेज 12 दाखवत होतं, बादलीच्या हिशेबाने आला होता तोच आकडा. कट-इन 40 करायचा म्हणून हवा 38 पाहिजे. कॉम्प्रेसर गाडीच्या टायरसाठी केलेला, त्याला सलग चालवलं तर तापतो, म्हणून मध्ये थांबवत अर्ध्या तासात 38 गाठले. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. दोन पीएसआय कमी का? हवा कट-इनपेक्षा जास्त असली तर पंप चालू व्हायच्या आतच टाकीतलं पाणी संपतं आणि नळ क्षणभर कोरडा पडतो, मग धडकन पाणी येतं. स्विच 30 वर उतरवून हवा 38 वर तशीच ठेवली की हा झटका हमखास मिळतो.

आता स्विच. दोन स्प्रिंग असतात. मध्यभागी मोठी, तिच्यावरचा नट कट-इन आणि कट-आउट दोन्ही एकत्र वर-खाली नेतो. कडेला छोटी, तिच्यावरचा नट फक्त कट-आउट हलवतो. असं का, ते आत पाहिलं की कळतं. खालून पाण्याचा दाब पडद्यातून एका पट्टीला वर ढकलतो आणि मोठी स्प्रिंग तिला खाली धरते, म्हणून ती आवळली की कुठलीही हालचाल व्हायला जास्त दाब लागतो. छोटी स्प्रिंग त्या पट्टीला फक्त वर जाण्याच्या शेवटच्या टप्प्यात अडवते. पंप थांबण्याचा क्षण ती लांबवते, चालू होण्याच्या क्षणाशी तिचा संबंध येत नाही. 30/50 चा 40/60 करायला फरक वीसचाच राहतो, म्हणजे छोट्या नटाला हातही लावायचा नाही. छोटा नट आवळत बसणारे कट-आउट 65-70 ला नेऊन ठेवतात आणि कट-इन 30 च राहिल्यामुळे शॉवर तसाच मरगळतो.

मोठ्या नटच्या एका कडेला मार्करने खूण केली, म्हणजे फेरे मोजता येतात आणि परत मूळ जागी येता येतं. या स्विचवर एका पूर्ण फेऱ्याला साधारण तीन पीएसआय मिळतात, म्हणजे दहाला साडेतीनच्या आसपास फेरे. पण एकदम तेवढे दिले नाहीत. दोन फेरे आवळले, ड्रेन बंद केला, झाकण लावलं, ब्रेकर वर केला. झाकण न लावता वीज सुरू करून नट फिरवत बसणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, ते बघू नयेत. पहिल्या वेळी टाकी भरताना काटा 38 वर लगेच उडी मारतो, कारण टाकीत पाणी शिरायलाच तेवढा दाब लागतो. तिथून पुढे तो सावकाश चढतो. गेजशेजारी थांबलो, ब्रेकरपाशी घरातलं माणूस उभं केलं. 56 ला थांबला. बारीक धारेवर 36 ला चालू झाला.

वीज बंद, मीटरने खात्री, आणखी दीड फेरा. या वेळी 50 च्या पुढे काट्यावरून नजर हटवली नाही. चढ जसजसा वर जातो तसतसा थोडा मंदावतो, ते स्वाभाविक आहे, पण तो थांबता कामा नये. काटा वीस-तीस सेकंद एकाच आकड्यावर बसला तर ब्रेकर पाडून नट मागे घ्यायचा, पंपाची ताकद संपली असं समजायचं. आमचा न थांबता 62 पर्यंत गेला आणि टिक करून सुटला. खाली 41. 41/62 चं अगदी 40/60 करण्याच्या फंदात पडलो नाही. असे एक-दोन पीएसआय स्प्रिंग तापल्या-थंडावल्यानेही हलतात, आणि दोन्ही नट पुन्हा पुन्हा फिरवून एका आकड्याच्या मागे लागलं की शेवटी फरक वीसच्या खाली जातो आणि पंप फडफडायला लागतो. वरची मर्यादा मात्र पाळायची: या प्रकारच्या स्विचचा कट-आउट 65 पर्यंतच नेण्यासाठी केलेला असतो आणि टी-जोडावरचा सुरक्षा व्हॉल्व्ह 75 ला उघडतो.

पुन्हा बादल्या. साडेअकरा गॅलनच्या आसपास मिळाले, भरायला सत्तर सेकंदांच्या वर लागले. दाब वाढूनही पंप आधीपेक्षा कमी वेळा चालू होतो, ते फक्त हवेमुळे. वरच्या न्हाणीत आता तळ 32 चा आहे. आई त्या महिन्यात सांगलीहून आली होती, तिने पहिल्याच दिवशी शॉवर अर्धा बंद करून अंघोळ केली.

यानंतर मे अखेर पुन्हा तपासलं: टाकी रिकामी करून हवा 38 च होती. एक गोष्ट मधल्या काळात लक्षात ठेवण्यासारखी घडली. वर दाब पुन्हा कमी वाटायला लागला, खाली गेज मात्र व्यवस्थित 41 ते 62 फिरत होतं. गेज टाकीपाशी असतं, गाळाचा फिल्टर त्याच्या पुढे. गेज बरोबर आणि शॉवर कमजोर म्हणजे स्विचला हात लावायचाच नाही, फिल्टरचं काडतूस बघायचं. ते गंजाच्या गाळाने तपकिरी झालं होतं. उलट फिल्टर किंवा व्हॉल्व्ह कधी टाकी आणि स्विच यांच्या मध्ये बसवलेला दिसला तर तो आधी हलवून घ्यावा. तिथे तो बुजला की स्विचला टाकीचा दाब कळतच नाही.

आणि रात्री सगळे नळ बंद असताना गेजवरचा आकडा लिहून ठेवून सकाळी पाहावा. तो पाच-दहा उतरला असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा बोअरमधला चेक व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. आधी घराकडचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा पाहायचं: आता काटा स्थिर राहिला तर गळती घरात, बहुतेक वेळा कमोडच्या टाकीत. तरीही उतरत राहिला तर ती बोअरच्या बाजूला, आणि ते काम तंत्रज्ञाचं. त्याची नुसती भेट आमच्याकडे 180 डॉलर सांगितली होती. या सगळ्याला खर्च झाला तो दोन गेजचे 27 आणि न वापरलेल्या स्विचचे 32.

तुमच्या स्विचच्या बाजूला छोटा लिव्हर असेल तर तो दाब फार उतरला की पंपाची वीज तोडून ठेवणारा प्रकार आहे. बोअर कोरडी पडली तर मोटर वाचावी म्हणून तो देतात. टाकी रिकामी केल्यानंतर असा स्विच नुसता ब्रेकर वर करून चालू होत नाही. लिव्हर अर्ध्यावर उचलून, दाब कट-इनच्या वर जाईपर्यंत हाताने धरून ठेवायचा आणि मग सोडायचा. पूर्ण उचलला तर कॉन्टॅक्ट जुळत नाहीत. झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने लिहिलंय: 41/62, हवा 38, एप्रिल 2024.